हुकलेल्या फेऱ्यांचं काय करायचं?

समजा, तालुक्याच्या गावातली एक छोटी सहकारी बँक आहे. शुक्रवारी संध्याकाळी सातला ट्रान्सफॉर्मर जळाला, इन्व्हर्टरने तासभर तग धरला आणि मागच्या खोलीतला सर्व्हर बंद पडला. शनिवार-रविवार सुट्टी होती. सोमवारी सकाळी नऊ चाळीसला वीज आल्यावर शिपायाने बटण दाबलं आणि पंखा घरघरत यंत्र सुरू झालं.

या यंत्राला रोज तीन कामं नेमून दिली आहेत. रात्री साडेअकराला प्रत्येक बचत खात्याच्या त्या दिवशीच्या शिलकेवर व्याज काढायचं. रात्री दोनला सगळ्या हिशेबाचा बॅकअप घ्यायचा. सकाळी आठला, ज्यांचा कर्जाचा हप्ता त्या दिवशी भरायचा आहे, त्यांना ‘आज आपला हप्ता आहे’ असा एसेमेस पाठवायचा. शुक्रवारची रात्र ते सोमवारची सकाळ या काळात प्रत्येक कामाच्या तीन फेऱ्या हुकल्या आहेत. एकूण नऊ.

आता यंत्राने काय करावं? हुकलेल्या सगळ्या फेऱ्या एकामागून एक मारायच्या, प्रत्येक कामाची एकच फेरी मारून पुढे जायचं, की झालं गेलं विसरून आज रात्रीच्या वेळेची वाट बघायची? सर्व्हर सांभाळणाऱ्या जगभरच्या लोकांपुढे हा प्रश्न रोज येतो. बहुतेकांना तो पडतो मात्र उशिरा, कारण यंत्राने त्याचं उत्तर त्यांच्या वतीने आधीच देऊन टाकलेलं असतं.

ठरल्या वेळी काम सुरू करणारा एक जुना आणि आजही खूप वापरला जाणारा कारभारी म्हणजे युनिक्समधला क्रॉन. 1979 साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता. त्याची रीत साधी आहे. दर मिनिटाला तो जागा होतो, घड्याळ बघतो, आपल्या यादीत या मिनिटाचं काही काम आहे का ते पाहतो, असेल तर सुरू करतो आणि पुन्हा झोपतो. मागच्या मिनिटाची आठवण तो ठेवत नाही. त्यामुळे यंत्र बंद असताना जे मिनिट गेलं ते क्रॉनच्या लेखी कधी आलंच नव्हतं. आपल्या बँकेत क्रॉन असेल तर सोमवारी नऊ चाळीसला काहीच घडणार नाही. चुकीचा संदेशसुद्धा दिसणार नाही, कारण चूक व्हायला आधी काम सुरू तरी व्हावं लागतं.

क्रॉन बनला तो चोवीस तास चालणाऱ्या मोठ्या यंत्रांसाठी. पुढे लिनक्स घरातल्या आणि ऑफिसातल्या संगणकांवर आलं. हे संगणक रात्री बंद होतात आणि साफसफाईची सगळी कामं तर रात्रीच लावलेली असतात. त्यावर तोडगा म्हणून अ‍ॅनाक्रॉन आला. तो वेळ बघत नाही, किती दिवसांनी काम व्हायला हवं ते बघतो. प्रत्येक कामासाठी `/var/spool/anacron` या जागी एक छोटी फाइल असते आणि तिच्यात शेवटच्या फेरीची तारीख असते, बाकी काही नाही. यंत्र सुरू झालं की अ‍ॅनाक्रॉन ती तारीख वाचतो, आजच्या तारखेशी ताडून पाहतो आणि ठरलेले किंवा त्याहून जास्त दिवस झाले असतील तर काम एकदा करतो. तीन दिवस हुकले असोत की तीस, फेरी एकच.

आजच्या बहुतेक लिनक्समध्ये हीच सोय सिस्टमडीच्या टायमरमध्ये एका ओळीत मिळते:

```
[Timer]
OnCalendar=*-*-* 02:00:00
Persistent=true
```

शेवटची ओळ नसेल तर हुकलेली फेरी सोडून दिली जाते. ती असेल तर शेवटच्या फेरीची वेळ डिस्कवर नोंदवली जाते आणि मधल्या काळात एक जरी वेळ हुकली असेल, तर यंत्र उठताच काम एकदा सुरू होतं. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्येही हुकलेलं काम लवकरात लवकर करण्याचा चौकोन आहे, पण तो मुळात रिकामा असतो, कुणीतरी जाऊन टिक करावी लागते.

बँकेच्या तीन कामांपैकी पहिलं सुटतं ते बॅकअपचं. बॅकअप म्हणजे आत्ता जे आहे त्याची प्रत. सोमवारी सकाळी लागोपाठ तीन प्रती काढल्या तर तिन्ही सारख्याच निघतील, कारण यंत्र बंद असताना हिशेबात एक अक्षरही बदललेलं नाही. म्हणून इथे एकच फेरी पुरे, आणि ती मारायलाच हवी. आजची रात्र येईपर्यंत थांबलं आणि दुपारी डिस्क गेली, तर हाताशी शुक्रवारी पहाटेची प्रत उरेल आणि शुक्रवारचा दिवसभराचा व्यवहार बुडेल.

फक्त वेळेचं भान हवं. रात्री दोनला निवांत चालणारा बॅकअप सकाळी पावणेदहाला सुरू झाला, तर काउंटरवर रांग लागलेली असताना डिस्क त्याच्याच कामात गुंतते आणि पासबुक भरायला दुप्पट वेळ लागतो. शिवाय नुसता बॅकअप नसतो, यंत्र उठल्याबरोबर सगळीच राहिलेली कामं एकदम अंगावर धावून येतात. म्हणून अ‍ॅनाक्रॉनच्या यादीत प्रत्येक कामापुढे किती मिनिटं थांबायचं तेही लिहावं लागतं. डेबियनमध्ये रोजच्या कामांसाठी पाच मिनिटं, आठवड्याच्या कामांसाठी दहा आणि महिन्याच्या कामांसाठी पंधरा असं अंतर आधीपासून ठेवलेलं असतं. सिस्टमडीत `RandomizedDelaySec` लिहिलं तर यंत्र स्वतःच थोडा पुढचा वेळ निवडतं. वीज आल्यावर शंभर यंत्रं एकाच क्षणी एकाच साठ्यावर तुटून पडू नयेत, यासाठी याचा मोठा उपयोग होतो.

एसेमेसचं गणित याच्या उलट आहे. हुकलेल्या तिन्ही फेऱ्या सोमवारी मारल्या, तर ज्याचा हप्ता शनिवारी होता त्याला सोमवारी ‘आज आपला हप्ता आहे’ असा संदेश जाईल. तो खोटा आहे. शनिवारचा हप्ता आधीच भरलेला माणूस तो वाचून फोन करेल आणि त्याची समजूत काढण्यात शाखेची सकाळ जाईल. शनिवार-रविवारच्या फेऱ्या इथे सोडून द्यायच्या. त्या दिवशीचे हप्ते खरोखरच थकले असतील, तर त्यांची यादी काढणं हे वेगळं काम आहे आणि त्याचा मजकूरही वेगळा असतो.

पण सोमवारची आठची फेरी? ती हुकून एक तास चाळीस मिनिटं झाली आहेत, आणि तिचा मजकूर अजून खरा आहे. ती पाठवायला हवी. म्हणजे ‘सोडून द्या’ एवढं सांगून भागत नाही, किती उशीर चालेल तेही सांगावं लागतं. बँकेने ठरवलं की दुपारी बारापर्यंत संदेश गेला तरी माणसाला पैसे भरायला वेळ उरतो, तर मुदत चार तासांची होते. सोमवारची फेरी या मुदतीत बसते, शनिवारची आणि रविवारची बसत नाही. एका आकड्याने तिन्हींचा निकाल लागतो.

बऱ्याच शेड्यूलरमध्ये हा आकडा देण्याची जागा असते. कुबरनेटिसमध्ये तो `startingDeadlineSeconds` या नावाने सेकंदांत लिहितात. पायथॉन वापरणाऱ्यांच्या ओळखीच्या एपीशेड्यूलरमध्ये त्याचं नाव `misfire_grace_time` आहे आणि तीन मालिकेतल्या आवृत्त्यांत तो आकडा आपण दिला नाही तर एक सेकंद धरला जातो. या एका सेकंदाने अनेकांना घाम फोडला आहे. यंत्र बंद पडलेलं नसतं, नुसतं दुसऱ्या कामात दोन सेकंद अडकलेलं असतं, आणि तेवढ्यावर रोजचं काम त्या दिवसापुरतं रद्द होतं. लॉगमध्ये फेरी हुकल्याची एक ओळ पडते. ती ओळ कुणी वाचत नसेल, तर ग्राहकाची तक्रार हीच पहिली खबर.

राहिलं व्याज, आणि खरी गुंतागुंत तिथे आहे. व्याज खात्यात तीन महिन्यांनी जमा होत असलं तरी ते मोजलं जातं रोजच्या शिलकेवर. वाणिज्य बँकांना रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्यासाठी हीच पद्धत लावली. आपल्या बँकेतलं एक खातं घेऊ. शिल्लक 1,00,000 रुपये आणि सोपं पडावं म्हणून दर 3.65 टक्के. वर्षाचे 3,650 रुपये, म्हणजे दिवसाला बरोबर 10. या खातेदाराने शनिवारी दुपारी दुसऱ्या गावातल्या एटीएममधून 40,000 रुपये काढले. तो व्यवहार सोमवारी सकाळी एका फाइलमधून शनिवारच्या तारखेने बँकेकडे येतो. शुक्रवारी रात्रीची शिल्लक एक लाख, शनिवारची आणि रविवारची साठ हजार. तीन दिवसांचं बरोबर व्याज 10 अधिक 6 अधिक 6, म्हणजे 22 रुपये.

आता यंत्र काय काढतं ते पाहू. काहीच केलं नाही तर 0. राहिलेलं काम एकदाच केलं, तर आजची शिलक बघून 6. ‘सगळ्या फेऱ्या मारा’ असं सांगितलं तर सुटका होईल असं वाटतं, पण व्याज काढणारा प्रोग्रॅम आत जाऊन घड्याळाला ‘आज तारीख काय’ असं विचारत असेल, तर तिन्ही वेळा उत्तर सोमवार येतं. तिन्ही वेळा साठ हजारांवर हिशेब होतो आणि 18 रुपये निघतात, तेही तिन्ही सोमवारच्या नावावर. एटीएमची फाइल चढवण्याआधीच फेऱ्या सुरू केल्या, तर शिल्लक लाखच दिसते आणि 30 रुपये होतात. एकाच खात्याची पाच उत्तरं, त्यातलं एकच बरोबर.

22 रुपये मिळवायचे तर शेड्यूलरने प्रत्येक फेरीला ती कोणत्या दिवसाची आहे ते सांगायला हवं आणि प्रोग्रॅमने घड्याळाकडे न बघता तो दिवस पाळायला हवा. शनिवारची फेरी सोमवारी मारली तरी तिने शनिवारची शिल्लक बघायची आणि शनिवारच्या तारखेने नोंद करायची. आणि आधी फाइल, मग व्याज हा क्रम मोडायचा नाही.

शिवाय एक खबरदारी लागते. फेऱ्या मारता मारता रविवारच्या मध्यावर वीज पुन्हा गेली, तर काही खात्यांचं रविवारचं व्याज निघालेलं असेल, काहींचं राहिलेलं असेल. पुन्हा सुरू केल्यावर निघालेल्यांना दुसऱ्यांदा मिळता कामा नये. त्यासाठी डेटाबेसमध्ये खाते क्रमांक आणि तारीख या जोडीची एकच नोंद होऊ शकते असा नियम घालतात. त्याच दिवसाची फेरी दहा वेळा मारली तरी नोंद एकच राहते. हा नियम नसेल तर सगळ्या फेऱ्या मारण्याचा पर्याय हाती घेऊच नये.

फेरीला तिचा दिवस सांगायचा हा विचार एअरफ्लो या प्रणालीच्या मुळाशी आहे. 2014 साली एअरबीएनबी कंपनीत ती तयार झाली आणि आज माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या असंख्य कंपन्यांत चालते. तिथे प्रत्येक फेरी एका ठरावीक कालखंडाची असते आणि प्रोग्रॅमला तो कालखंड हातात मिळतो. हुकलेल्या फेऱ्यांसाठी `catchup` नावाचा खटका आहे आणि पहिल्या दोन मालिकांत तो मुळातच चालू असायचा.

त्यातून होणारी फजिती या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. नवीन माणूस दर तासाला चालणारं एक काम लिहितो. सुरुवातीची तारीख विचारली म्हणून सहज 1 जानेवारी टाकतो आणि जूनच्या अखेरीस ते चालू करतो. एअरफ्लोच्या दृष्टीने 181 दिवस गुणिले 24, म्हणजे 4,344 फेऱ्या हुकलेल्या असतात, आणि तो प्रामाणिकपणे त्या मारायला घेतो. काम ग्राहकांना ईमेल पाठवण्याचं असेल तर पुढचं सांगायला नको. एका वेळी किती फेऱ्या चालाव्यात हे `max_active_runs` ने आवरता येतं, पण त्याने ओघ मंदावतो, आकडा कमी होत नाही. 2025 मध्ये आलेल्या तिसऱ्या मालिकेत हा खटका मुळात बंद ठेवला गेला. जुन्या आवृत्तीवरून नवीवर गेलेल्यांपुढे आता उलटा धोका आहे. पूर्वी आपोआप भरली जाणारी भोकं आता गुपचूप तशीच राहू शकतात.

सगळ्या फेऱ्या, त्याही क्रमाने मारणं भाग असतं तेव्हा किती जड जातं हे ब्रिटनमधल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड गटाने 2012 च्या जूनमध्ये अनुभवलं. नॅटवेस्ट आणि अल्स्टर बँक याच गटात होत्या. रात्रीची कामं क्रमाने लावणाऱ्या सॉफ्टवेअरची 17 जूनला नवी आवृत्ती बसवली गेली. त्रास दिसू लागल्यावर ती काढून जुनी परत आणली, पण तसं केल्याने काय होईल हे आधी तपासलेलं नव्हतं, आणि रात्रीची कामं कोलमडली. दिवसाचे व्यवहार खात्यांवर चढेनात.

इथे एकदाच फेरी मारून पुढे जाता येत नव्हतं, कारण प्रत्येक रात्रीची फेरी लाखो लोकांच्या पगाराची, घरभाड्याची आणि हप्त्यांची होती. सोडून देणं तर शक्यच नव्हतं. सगळं मागचं काम क्रमाने उपसत असताना रोज रात्री नवं काम त्यात पडत होतं. आधी आरबीएस आणि नॅटवेस्टचं काम उरकायचं, मग अल्स्टर बँकेचं, असा क्रम असल्याने सगळ्यात जास्त हाल अल्स्टरच्या ग्राहकांचे झाले. पहिल्या दोन्ही बँकांचे बहुतेक व्यवहार 26 जूनपर्यंत रुळावर आले, अल्स्टरला 10 जुलै उजाडला. ब्रिटनमधल्या 65 लाखांहून जास्त ग्राहकांना झळ बसली आणि 2014 च्या नोव्हेंबरमध्ये दोन नियामक संस्थांनी मिळून 5 कोटी 60 लाख पौंडांचा दंड ठोठावला. बिघाड थोड्या काळाचा होता, उपसा आठवडे चालला. एका रात्रीचं काम उरकायला यंत्राला सहा तास लागत असतील, तर तीन रात्रींचं साचलेलं काम अठरा तासांचं होतं, आणि ते उपसायला जागा मिळते ती रोजच्या कामातून उरलेल्या वेळेतच.

छोट्या बँकेला एवढा बोजा नाही. तिला व्याजाचं काम वेगळ्या रीतीनेही लिहिता येतं. प्रोग्रॅमने ‘आजचं व्याज काढ’ असं न म्हणता ‘शेवटचा पूर्ण झालेला दिवस शोध आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जो दिवस संपला आहे तिथपर्यंत एकेक दिवस काढत ये’ असं म्हणायचं. शेवटचा पूर्ण दिवस कोणता, ही नोंद व्याजाच्या नोंदींबरोबर त्याच डेटाबेसमध्ये, एकाच झटक्यात करायची. मग शेड्यूलरने त्याला एकदा उठवलं काय आणि तीनदा उठवलं काय, पहिल्याच वेळी तिन्ही दिवस निघतात आणि पुढच्या दोन वेळा करायला काही उरत नाही. अ‍ॅनाक्रॉनसारखा एकदाच उठवणारा कारभारीसुद्धा त्याला पुरतो.

ही नोंद शेड्यूलरच्या फाइलवर सोडून चालत नाही, त्याला कारण आहे. सिस्टमडी डिस्कवर लिहितो ती काम सुरू केल्याची वेळ. अ‍ॅनाक्रॉन काम संपल्यावर तारीख टाकतो, पण ते यशस्वी झालं की मध्येच आपटलं याने त्याला फरक पडत नाही. शुक्रवारी डिस्क भरल्यामुळे बॅकअप अर्ध्यात तुटला असला, तरी दोघांच्या वहीत शुक्रवारची फेरी झालेली असते आणि पुन्हा मारायचं काही राहिलेलं नसतं. सिस्टमडीच्या यंत्रावर `systemctl list-timers` ही आज्ञा दिली की प्रत्येक कामापुढे `LAST` या रकान्यात शेवटची वेळ दिसते. ती बघून फेरी सुरू झाली होती एवढंच कळतं. ती पार पडली का, हे बॅकअपच्या फाइलचा आकार आणि तारीख उघडून बघावं लागतं.

सोमवारी नऊ चाळीसला उठलेल्या आपल्या यंत्रावर हे सगळं नीट लावलेलं असेल, तर त्या सकाळी पुढचा क्रम घडतो. आधी एटीएमची फाइल चढते. मग व्याजाचा प्रोग्रॅम शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस काढतो. सोमवारच्या हप्त्यांचे एसेमेस दहाच्या आत जातात आणि आधीच्या दोन फेऱ्या मुदत संपल्याने सोडल्याची ओळ लॉगमध्ये पडते. बॅकअप दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबवलेला असतो. आणि तो खातेदार पासबुक भरायला येतो, तेव्हा त्याच्या व्याजाच्या हिशेबात तीन वेगवेगळ्या तारखांसमोर 10, 6 आणि 6 रुपये मोजलेले असतात.